लॅपटॉप मुठेत वाहून गेलाय असं समजू

माझा मामा नारायण पेठेत तळमजल्यावर राहतो. निवृत्तीनंतर त्याने मोडी कागदांचे फोटो काढून त्यांची सूची करायला घेतली. नऊ वर्षांत अकरा हजारांवर फोटो जमले, शिवाय जुन्या अभ्यासकांशी झालेला सगळा पत्रव्यवहार आउटलुकमध्ये. एकूण १९० जीबी. ‘बॅकअप आहे ना?’ असं मी विचारलं, की तो टेबलाखालचा खण उघडून काळी हार्ड डिस्क दाखवायचा. लॅपटॉप टेबलावर, बॅकअप खणात. मधे लाकडाची एक फळी.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा याच पेठेत पाणी शिरलं होतं. म्हणून मामाला तीन प्रतींचा नियम समजावणं सोपं गेलं. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला हा नियम ३-२-१ म्हणून ओळखला जातो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. लॅपटॉपमधली मूळ फाइल ही पहिली प्रत. आकड्यांपेक्षा त्यामागचा विचार लक्षात ठेवावा. एका फटक्यात दोन प्रती जाता कामा नयेत. डिस्क जुनी होऊन मेली तर एक प्रत जाते. पूर, चोरी, शॉर्ट सर्किट झालं तर त्या खोलीतल्या सगळ्या जातात. डिस्क कायम जोडून ठेवली असेल, तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तीही सोडत नाही.

‘पण माझं सगळं क्लाउडवर जातंच की,’ मामा म्हणाला. जातं, पण ते सिंक आहे. इथे फोल्डर चुकून उडवलं, की तिथूनही ते इमानेइतबारे उडतं. क्लाउडची कचरापेटी काही दिवस सांभाळते. चूक त्यानंतर कळली तर हात चोळत बसायचं. जुन्या आवृत्त्या राखणारी सोय असेल तरच तिला मी प्रत म्हणेन.

मामासाठी दुसरी डिस्क आणली, ती कोथरूडला माझ्या घरी ठेवायची आणि दर महिन्याला अदलाबदल करायची असं ठरलं. कॉपी करायला मी एक छोटी बॅच फाइल लिहून दिली:

```
robocopy D:\Modi E:\Modi /E /R:1 /W:1
robocopy C:\Patre E:\Patre /E /R:1 /W:1
```

`/E` म्हणजे आतली सगळी फोल्डरंही घे. `/R:1 /W:1` म्हणजे फाइल उघडता आली नाही तर एक सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न कर. हे न सांगितल्यास ही आज्ञा अडलेल्या एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून प्रयत्न करत राहते. `/MIR` मात्र मी मुद्दाम टाळलं, कारण मूळ जागेतून जे गेलं ते प्रतीतूनही पुसायचं, हाच त्याचा अर्थ.

चार महिने मामा नेमाने डबल क्लिक करत होता. काळी खिडकी उघडायची, ओळी धावायच्या, खिडकी मिटायची. तो समाधानी, मीही.

मग एका रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. त्याचा मिटून कपाटात ठेवला आणि म्हटलं, ‘मामा, हा मुठेत वाहून गेलाय असं समज. आता तुझं काम परत मिळवून दाखव.’

‘अगं, डिस्कवर दिसतंय की सगळं!’

फाइलचं नाव दिसणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं. डिस्कवरचा सगळा माल माझ्या लॅपटॉपवर उतरवायला सव्वा तास लागला. फोटोंची संख्या बरोबर भरली. पत्रव्यवहाराच्या फोल्डरमध्ये मात्र आउटलुकची `.pst` फाइलच नव्हती. मामा सकाळी आउटलुक उघडतो ते झोपताना बंद करतो, आणि उघडं आउटलुक ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचू देत नाही. माझ्या आज्ञेने एकदा प्रयत्न केला, सोडून दिलं आणि शेवटच्या तक्त्यात `FAILED` खाली १ लिहिलं. तो तक्ता वाचायच्या आत खिडकी मिटत होती. चूक सरळसरळ माझी.

मोठ्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर तो बनतच नव्हता. आवृत्ती न जुळल्यामुळे प्रोग्रॅम बंद पडत होता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीने त्यांना तारलं.

फोटोंची संख्या जुळली म्हणून मी थांबले नाही. प्रत्येक फाइलचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलमधल्या एकूण एक बिटावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो, आणि फोटोतला एक बिट बदलला तरी अख्खा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एका फाइलचा ठसा असा मिळतो:

```
Get-FileHash D:\Modi\0417.jpg
```

कपाटातला लॅपटॉप एवढ्यापुरता बाहेर काढून त्यावरच्या ठशांशी ताडून पाहिलं. तीन फोटो जुळेनात. उघडले तर अर्ध्या पानापर्यंत मोडीच्या ओळी, खाली सपाट राखाडी पट्टा. आकार आणि तारीख मात्र मुळाइतकीच. बहुधा कधीतरी ‘सेफली रिमूव्ह’ न करता डिस्क ओढली गेली असावी. तेव्हा मजकूर पूर्ण उतरलेला नव्हता. रोबोकॉपी फक्त आकार आणि वेळ बघते, आत डोकावत नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक वेळी तिने या तिघांना ‘आहेत की’ म्हणून ओलांडलं होतं.

हॅशलाही मर्यादा आहे. प्रत मुळासारखी आहे एवढंच तो सांगतो. मूळच बिघडलेलं असेल तर बिघाडाची प्रतही तंतोतंत जुळेल. म्हणून प्रत्येक फोल्डरमधले दोन-चार फोटो डोळ्यांनी पाहायचे, सूची उघडायची, आउटलुकमध्ये एखादं जुनं पत्र शोधून वाचायचं.

आता मामा आधी आउटलुक बंद करतो. दोन्ही ओळींच्या शेवटी मी `/LOG+:E:\log.txt` जोडलंय. तो `FAILED` खालचा आकडा बघतो आणि शून्य नसेल तर मला फोन करतो. ठशांची यादीही डिस्कवर आहे, म्हणजे पुढच्या तालमीला मूळ लॅपटॉप लागायचा नाही.

ती तालीम सहा महिन्यांनी झाली. मधल्या काळात आम्ही दोन्ही डिस्कना बिटलॉकरचं कुलूप घातलं होतं, कारण एक डिस्क रिक्षातून ये-जा करते. माझ्या लॅपटॉपला डिस्क जोडल्यावर पासवर्डची चौकट आली. मामाने चष्मा लावला आणि आपला लॅपटॉप उघडायला हात पुढे केला. पासवर्ड त्यातच एका नोटपॅडमध्ये होता.

‘मामा, तो वाहून गेलाय.’

त्याने हात मागे घेतला. मग लॅपटॉप पाण्यातून काढून आम्ही पासवर्ड आणि त्याखाली ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवली. प्रत्येक आकडा मामीने मोठ्याने वाचून ताडला. एक कागद घराच्या खरेदीखतासोबत बँकेच्या लॉकरमध्ये गेला. दुसरा कोथरूडला माझ्याकडे आहे, पण डिस्कच्या पिशवीत नाही.