एनएमएमएसचा सराव पेपर: कोणाचा घ्यायचा, कोणते कागद लागतात आणि मुलं कुठे अडकतात

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या घरात हे पैसे म्हणजे चार वर्षांची वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास. मुलं हुशार असतात आणि शाळेतल्या सराव पेपरात साठ-पासष्ट गुण घेतात. तालुक्याच्या केंद्रावर मात्र तीच मुलं पस्तीसवर येतात. बहुतेक वेळा दोष आपल्या सराव पेपरात असतो, म्हणून हे लिहितोय.

पात्रता आधी उरकून टाकू. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत नियमित शिकणारा विद्यार्थी, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातीला ५०), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. विनाअनुदानित शाळा, नवोदय, केंद्रीय विद्यालय चालत नाही. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो. गावातला बाप तो डिसेंबरात काढायला निघतो, तेव्हा तलाठी सापडत नाहीत. दाखला जुलैतच काढून ठेवायला सांगा. अर्ज शाळेच्या लॉगिनमधून जातो, त्यात फार काही नाही.

आता सराव पेपर.

खऱ्या परीक्षेला दोन पेपर एकाच दिवशी असतात. बौद्धिक क्षमता चाचणी साडेदहा ते बारा आणि शालेय क्षमता चाचणी दीड ते तीन. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०, सगळं सातवी-आठवीचं. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. तरी शाळेत पहिला पेपर सोमवारच्या दोन तासिकांत उरकतात, दुसरा बुधवारी, तोही मधल्या सुट्टीची घंटा मध्येच वाजवून. असल्या सरावातून मूल प्रश्न शिकतं, पण परीक्षेचा दिवस शिकत नाही. दीड तास डोकं चालवून, डबा खाऊन, दुपारी पुन्हा दीड तास बसायचं असतं. दुसऱ्या पेपरात पेंगणारी मुलं कोण, हे सलग घेतल्याशिवाय कळत नाही. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून निदान एक रविवार द्यावाच लागतो. नोव्हेंबरात वेचणीचा जोर असतो, तेव्हा पालकांना आठ दिवस आधी सांगा, नाहीतर अर्धा वर्ग वावरात असतो.

प्रश्नपत्रिका गाईडमधून जुळवू नका. परिषदेच्या mscepune.in वर मागचे पेपर मिळतात. त्यातला एक घ्या आणि वहीत मोजा: संख्यामालिका किती, सांकेतिक भाषा किती, आरशातली प्रतिमा किती, वेन आकृत्या किती, आणि कोणत्या क्रमाने. मग त्याच मोजणीत, त्याच क्रमाने आपले प्रश्न बसवा. एक अख्खा जुना पेपर कुलपात ठेवा. तो मुलांना सरावाला द्यायचा नाही, शेवटच्या रविवारी जसाच्या तसा लावायचा. आकृत्यांच्या पानांची झेरॉक्स आधी स्वतः बघा. काळी झालेली आकृती पोरगं सोडवू शकत नाही आणि आपण त्याला कच्चं ठरवतो.

उत्तरसूची अंतिमच घ्या. परिषद आधी अंतरिम सूची लावते, आक्षेप मागवते आणि मग अंतिम काढते. त्यात कधी एखादा प्रश्न रद्द असतो, कधी दोन पर्याय बरोबर धरलेले असतात. अंतरिम सूचीने तपासलं तर मुलाचे गुण उगाच जातात आणि वर्गात भांडण लागतं ते वेगळं.

आणि आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: वर्तुळं रंगवायची उत्तरपत्रिका. खरी परीक्षेनंतर जमा होते, म्हणून शाळेत ती नसते आणि मुलं प्रश्नपत्रिकेवरच टिक करतात. खरा घोटाळा इथे आहे. एक वर्तुळ नीट भरायला सहा सेकंद धरा. नव्वदला नऊ मिनिटं गेली, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंदच उरतात. आमच्या पहिल्या सरावात एका पोरीने सगळे प्रश्न सोडवले होते, पण बारा वाजता कागद ओढला तेव्हा म्हणाली, "सर, गोल रंगवाचे राह्यले जी." शेवटी एकदम भरायची तिची सवय होती. म्हणून नमुना उत्तरपत्रिका स्वतः बनवा, प्रत्येक ओळीत चार छोटी वर्तुळं, आणि दर पानाला उत्तर भरायला लावा. पेन निळा किंवा काळा बॉलपेन. खाडाखोड केलेलं, व्हाइटनर लावलेलं किंवा दोन वर्तुळांचं उत्तर ग्राह्य धरत नाहीत, म्हणून पेन्सिलची सवय सरावात लावूच नका.

तपासायला एका कोऱ्या उत्तरपत्रिकेत बरोबर वर्तुळांच्या जागी भोकं पाडा आणि ती वर ठेवून मोजा. पण त्याआधी प्रत्येक कागद डोळ्यांनी बघून दोन वर्तुळं रंगवलेल्या ओळी लाल पेनाने कापा. नाहीतर भोकातून बरोबर वर्तुळ दिसतं, दुसरं झाकलं जातं आणि तुम्ही फुकटचा गुण देता.

एक प्रकार मात्र भोकांच्या कागदानेही कळत नाही. मागच्या एका सरावात एका मुलाला ९० पैकी ४० आले. वर्गात तो पहिल्या तिघांतला. कागद ओळीने बघितला तर पहिल्या ३६ प्रश्नांत २७ बरोबर आणि पुढच्या ५४ ओळींत फक्त १३. चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी तेवढे लागतात. म्हणजे पुढचं त्याला येत नव्हतं असं नाही. त्याने ३७ वा प्रश्न सोडला होता आणि ३८ चं उत्तर ३७ च्या ओळीत भरलं होतं. तिथून पुढे अख्खी रांग एक घर वर सरकली. उत्तरसूची एक ओळ सरकवून लावली तर ५३ पैकी ३८ बरोबर निघाले. त्याचे खरे गुण ६५ होते. गुण एखाद्या क्रमांकानंतर अचानक कोसळले तर आधी हे तपासा. उपाय साधा आहे: सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेवर गोल, आणि दर दहाव्या प्रश्नाला बोट ठेवून क्रमांक जुळवणं. सोडलेल्याला शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी एक वर्तुळ भरायचंच, कारण गुण कापत नाहीत.

निकाल सांगताना "चाळीस टक्के आले, झालं" असं म्हणू नका. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२) ही फक्त पात्रतेची रेघ आहे. राज्याचा कोटा ११,६८२ चा, तो जिल्ह्यांत वाटलेला आणि पुढे गुणवत्तेने यादी. १८० पैकी ७२ घेऊन पास झालेलं पोरगं "मग पैसे केव्हा येतील?" म्हणून मार्चपर्यंत विचारत राहतं.

वेळेबाबत शेवटचं. साडेदहाला प्रश्नपत्रिका, तर मुलं दहाला जागेवर आणि आसन क्रमांक लिहून मोकळी. ठीक बारा वाजता कागद उचला, रडलं तरी. लाईट गेली, पंखा बंद पडला, तरी थांबवू नका, डिसेंबरात केंद्रावरही तेच होऊ शकतं. फक्त भिंतीवरच्या घड्याळात सेल नवा घाला. आमचं घड्याळ सव्वा अकराला थांबलं होतं आणि सव्वीस पोरं निवांत बसली होती.