प्रतिज्ञापत्र म्हणजे नेमकं काय, आणि साध्या सहीच्या कागदाने का भागत नाही

सातबारावर "सुमन", आधारवर "सुमनबाई". वारस नोंदीसाठी गेलं की तलाठी हमखास सांगतात, "दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र आणा." मग घरचे कोऱ्या कागदावर "आम्ही लिहून देतो की..." करून सही ठोकतात, आणि तो कागद परत येतो.

फरक मजकुरात नसतो, तर सही कुणासमोर झाली यात असतो. साध्या कागदावर माणूस आपलं म्हणणं मांडतो, एवढंच. प्रतिज्ञापत्रात तो तेच म्हणणं नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकारी अशा शपथ देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीसमोर शपथेवर सांगतो आणि तिथेच सही करतो. म्हणून खोटी शपथ ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली शिक्षेची बाब ठरते. न्यायालयीन कामात सात वर्षांपर्यंत, इतरत्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुमनबाईंच्या कागदात वर नाव, वय, धंदा, पत्ता येईल. पुढे "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की" असं म्हणून क्रमांकवार परिच्छेद येतील: कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे, गट नंबर काय, आणि दोन्ही नावं माझीच आहेत. स्वतःला माहीत असलेलंच लिहावं. "गावकऱ्यांकडून कळलं" अशी वाक्यं कागद कमकुवत करतात. शेवटी मजकूर खरा असल्याची पडताळणी, ठिकाण, तारीख.

सोबत आधार, सातबारा आणि नाव जुळवणारा एखादा जुना दाखला न्यावा. सही मात्र घरून करून नेऊ नये, कागद एजंटाच्या हाती तर अजिबात पाठवू नये. नोटरीच्या नोंदवहीत सही घेतली का, कागदावर शिक्का, तारीख आणि नोंद क्रमांक आला का, हे जागेवरच पाहावं. खाडाखोड झाली असेल तर तिथेही सही लागते.

मुद्रांकाबाबत गैरसमज फार. स्टँप पेपर घेतला म्हणून कागद प्रतिज्ञापत्र होत नाही; शपथच नसेल तर 500 रुपयांचा स्टँपही साधा जबाबच राहतो. शिवाय महाराष्ट्रात जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने तर, कायद्याने प्रतिज्ञापत्र सक्तीचं नसेल तिथे साधं स्वयंघोषणापत्र चालतं. त्यावर नोटरी लागत नाही. पण खोटं लिहिलं तर तेही अंगाशी येतं. छापील नमुन्यातच फौजदारी कलमं दिलेली असतात.

आणि प्रतिज्ञापत्राने नाव बदलत नाही की जमीन कुणाच्या नावावर होत नाही. सुमनबाईंचा कागद दोन नावांमागची बाई एकच आहे, एवढंच सांगतो. नोंद घ्यायची की नाही, ते फेरफार मंजूर करणारे मंडळ अधिकारी ठरवतात.