जलसंजीवनी (ओआरएस): घरगुती तयारी आणि सलाईनची गरज

पटकी (कॉलरा) किंवा पटकीसारख्या जुलाब-उलट्यांच्या साथीत शरीरातून जाणारे पाणी व क्षार तोंडावाटे भरून काढण्यासाठी देतात ते मीठ-साखरेचे द्रावण. शासकीय कागदपत्रांत व पाकिटांवर ‘जलसंजीवनी’ किंवा ‘क्षारसंजीवनी’ लिहिलेले असते. मराठवाड्यात बोलताना ‘ओआरएस’ किंवा नुसते ‘पाकीट’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांत अशी साथ बहुतेक वेळा ‘गॅस्ट्रो’ या नावाने वर्तमानपत्रात येते. उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरी तळाला गेलेल्या असतात, गाव टँकरवर असते आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत किंवा फुटक्या पाइपलाइनीत शिरते. साथीचा जोर साधारण याच सुमारास दिसतो.

उगम. या द्रावणाचा जनक कोण, यावर एकमत नाही. शिरेतून क्षारजल देण्याचा प्रयोग 1832 मध्ये स्कॉटलंडमध्ये टॉमस लाटा यांनी केला. तोंडावाटे उपचाराचे श्रेय काही लेखक कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांना देतात. त्यांनी 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पटकीच्या सौम्य रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे पाणी दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि किती पाणी गेले व किती भरून निघाले याची मोजदादही नव्हती. त्यामुळे तो तेव्हा फारसा स्वीकारला गेला नाही. 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी आतड्याच्या पेशीत ग्लुकोज व सोडियम जोडीने शिरतात ही कल्पना मांडली. या तत्त्वावर आधारलेले द्रावण पटकीच्या प्रौढ रुग्णांत शिरेतील क्षारजलाची गरज बरीच कमी करते, हे डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश व सहकाऱ्यांनी 1968 मध्ये ढाक्यात दाखवले. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. आधी सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत 3.6 टक्क्यांवर आले. त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. रुग्णालयातील चाचणीचा पुरावा ढाक्याचा मानला, तरी घरातील माणूस हे द्रावण पाजू शकतो हे बनगावने सिद्ध केले. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

घटक. पटकीच्या जंतूचे विष आतड्याला पाणी व क्षार बाहेर टाकायला लावते, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेण्याची वाट शाबूत राहते. त्या वाटेने सोडियम आत गेले की मागोमाग पाणी जाते. साखर येथे ताकदीसाठी नसते. ती मिठाला आत नेण्यापुरती लागते, म्हणून दोहोंचे प्रमाण जुळावे लागते. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या पाकिटात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असते आणि ते एक लिटर पाण्यासाठी असते. त्यातून लिटरमागे 75 मिलिमोल सोडियम मिळते. 1975 च्या जुन्या सूत्रात ते 90 होते. प्रौढ पटकीरुग्णाच्या जुलाबातून याहून बरेच जास्त सोडियम जाते, म्हणून नवे द्रावण त्यांना अपुरे पडेल अशी शंका काही तज्ज्ञांनी घेतली होती. नव्या द्रावणाने रक्तातील सोडियम काही रुग्णांत थोडे अधिक उतरते, पण त्याची लक्षणे लक्षणीय वाढल्याचे दिसत नाही. सर्व वयांसाठी एकच पाकीट असण्याची सोय पाहता नवे सूत्रच ग्राह्य धरावे.

पाण्याचे माप. घरी होणारी सर्वांत घातक चूक पाण्याच्या मापात होते. बाजारात मोठे पाकीट (सुमारे 21 ग्रॅम, एक लिटरसाठी) व छोटे पाकीट (सुमारे 4 ग्रॅम, 200 मिलिलिटरसाठी) अशी दोन्ही मिळतात. मोठे पाकीट एका पेल्यात, म्हणजे 200 मिलिलिटर पाण्यात ओतले, तर सोडियम पाचपट म्हणजे लिटरमागे 375 मिलिमोल होते. रक्तात ते 140 च्या आसपास असते. असे पाणी आतड्यात गेल्यावर उलट शरीरातलेच पाणी ओढून घेते. जुलाब वाढतात, मूल अधिक तहानलेले व चिडचिडे होते, आणि घरचे ‘तहान लागली’ म्हणून तेच पाणी आणखी पाजतात. रक्तातले सोडियम फार चढले तर झटके येतात. याउलट छोटे पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर सोडियम 15 वर येते आणि ते जवळजवळ साध्या पाण्यासारखेच ठरते. पाकिटावरचा पाण्याचा आकडा वाचणे हीच तयारीची पहिली पायरी.

तांब्याचे माप घराघरात वेगळे असते, त्यामुळे ‘तांब्याभर’ हे माप धरू नये. एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली धुऊन तिने एकदा घरचा तांब्या किंवा पातेले मोजावे आणि पाणी जिथवर येते तिथे आतून खूण करावी. हात साबणाने धुवावेत. पाणी उकळून गार केलेले किंवा क्लोरीन टाकलेले असावे; ते हाताशी नसेल तर असलेल्यातले सर्वांत स्वच्छ पाणी घ्यावे, पण पाणी उकळण्यासाठी पाजणे थांबवू नये. पूर्ण पाकीट एकाच वेळी टाकून विरघळेपर्यंत ढवळावे. अर्धे पाकीट आज व अर्धे उद्या असे करू नये, कारण पुडीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असे नाही आणि डोळ्यांच्या अंदाजाने अर्धे होत नाही. द्रावण पुन्हा उकळू नये, त्यात दूध, सरबत किंवा वरून साखर घालू नये, झाकून ठेवावे आणि 24 तासांनी उरलेले टाकून द्यावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर प्रमाण चुकले असे समजून नवे करावे. बोअरचे मचूळ पाणी असलेल्या गावात ही चवीची खूण फसवते. तिथे मापावरच विसंबावे.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा 5 मिलिलिटरचा धरला आहे. पोह्याचा चमचा याहून मोठा असतो. साखर चुकली तर जुलाब वाढतात, मीठ चुकले तर जिवावर बेतते, म्हणून चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून घ्यावा. शीग लावलेला मिठाचा एक पूर्ण चमचा पडला तर द्रावण रक्ताहूनही खारट होऊ शकते. या घरगुती पाण्यात पोटॅशियम व सायट्रेट नसते, त्यामुळे ते पाकीट मिळेपर्यंतची सोय आहे. तांदळाची पातळ पेज, ज्वारीच्या पिठाची आंबील किंवा पातळ ताक चिमूटभर मीठ घालून सोबत चालते. कोल्ड्रिंक, पॅकबंद फळरस व नुसते ग्लुकोजचे पाणी चालत नाही. ‘ओआरएस’ नाव लावलेली पण सूत्राशी न जुळणारी पेये दुकानांत असत; 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसे नाव लावण्यास मनाई केली.

पाजण्याची गती. उदाहरणादाखल दोन वर्षांचे, 12 किलो वजनाचे मूल घ्या. सकाळपासून पातळ जुलाब, दोन उलट्या, डोळे थोडे खोल, चिडचिड, पेला दिसला की झडप घालते, पोटावरचा चिमटा सोडल्यावर कातडी सावकाश बसते. हे पाणी कमी झाल्याचे मध्यम प्रमाण. याला पहिल्या चार तासांत किलोमागे 75 मिलिलिटर, म्हणजे 900 मिलिलिटर, जवळजवळ एक पाकीट द्यायचे असते. चहाच्या चमच्याने पाहिले तर ते 180 चमचे होतात. मिनिट-सव्वा मिनिटाला एक चमचा. पेल्याने घटाघटा पाजले की उलटी होते आणि घरचे ‘पोटात टिकत नाही’ म्हणून सोडून देतात. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. चार तासांनी मूल पुन्हा तपासावे: खेळते, जीभ ओली, लघवी झाली, तर पुढे प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 व त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलिलिटर पुरते.

सलाईन केव्हा. जुलाब किती झाले यावर सलाईनचा निर्णय ठरत नाही; माणूस पिऊ शकतो का यावर ठरतो. पुढील खुणांपैकी दोन दिसल्या तर द्रावणाचा गुण येण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा: मलूल पडणे किंवा हाक मारल्यावर नीट न जागे होणे, डोळे खूप खोल जाणे, पाणी न पिता येणे किंवा घोट तोंडातच राहणे, पोटावरचा चिमटा दोन सेकंदांनंतरही तसाच राहणे. चिमट्याची खूण वृद्ध व कुपोषित माणसांत फसवी असते, कारण त्यांची कातडी मुळातच सैल असते. स्थूल माणसात उलट ती उशिरा दिसते. अशा वेळी मनगटावरची नाडी न लागणे, हातपाय गार पडणे, आवाज बसणे आणि सहा तासांत लघवी न होणे या खुणा अधिक भरवशाच्या. मूल पिते आहे पण जुलाब तांदळाच्या धुवणासारखा सतत वाहतो, तासाला किलोमागे 10 ते 15 मिलिलिटरहून अधिक जातो आणि खुणा सुधारत नाहीत, किंवा पोट फुगून ताणले जाते, तेव्हाही तोंडावाटे पुरे पडत नाही.

येथे गावोगावी एक समजूत आहे, आणि ती खेदाने नोंदवावी लागते: एक बाटली सावकाश लावली की ‘सलाईन झाले’. शरीरातले पाणी फार कमी झालेल्या 50 किलोच्या प्रौढाला किलोमागे 100 मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाईन लागते: पहिले दीड लिटर अर्ध्या तासात, उरलेले साडेतीन लिटर पुढच्या अडीच तासांत. अर्ध्या लिटरच्या बाटल्या धरल्या तर पहिल्या अर्ध्या तासात तीन आणि एकूण दहा. वर्षाखालच्या बाळाला तेवढेच किलोमागे सहा तासांत, सावकाश देतात. म्हणून घराच्या पडवीत खाटेवर एक बाटली टांगून ठेवणे हा उपचार नव्हे. त्यात मोलाचे तास मात्र जातात. केवळ ग्लुकोजचे सलाईन (डेक्स्ट्रोज) चालत नाही, कारण त्यात क्षार नसतात. रिंगर लॅक्टेट नसेल तर साधे क्षारजल (नॉर्मल सलाईन) लावतात.

108 क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्ण शुद्धीत असेल व घोट गिळत असेल तर घोट-घोट पाजत राहावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, पाणी श्वासनलिकेत जाते. कुशीवर निजवून न्यावे. सलाईन लगेच लावता येत नसेल तर आरोग्य केंद्रात प्रशिक्षित व्यक्ती नाकातून नळी घालून तेच द्रावण तासाला किलोमागे 20 मिलिलिटर या गतीने देऊ शकते. शिरेतील द्रवात पोटॅशियम व ग्लुकोज पुरेसे नसल्याने, रुग्ण पिऊ लागताच सलाईन चालू असतानाच द्रावण सुरू करतात. मुलांना झिंकच्या गोळ्या 14 दिवस देतात: सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज 10 आणि त्याहून मोठ्याला 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी हा कोर्स पूर्ण करायचा असतो.