भगव्यावर पांढरी अक्षरं, आणि सहा वेळा "फोटो"

पावसाळा तोंडावर आला की आमचा सर्पमित्रांचा गट इन्स्टाग्रामवर सर्पदंशाची माहिती टाकतो. यंदा सहा स्लाइडचं कॅरोसेल मी केलं होतं. वर भगवी पट्टी, त्यावर पांढरी अक्षरं, आत घोणशीचा छान फोटो, आणि चौथ्या स्लाइडवर दोन रकाने: डावीकडे हिरव्यात "काय करावे", उजवीकडे लाल रंगात "काय करू नये". रात्री एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. तो जन्मापासून पूर्ण अंध आहे, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीवर वापरतो. "अरे, तुझी पोस्ट ऐकली. सहा वेळा 'फोटो' ऐकलं, पुढे काही नाही." दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. तिला काचबिंदू आहे, अजून दिसतं, पण कमी. ती म्हणाली, "वरची पट्टी दिसली रे, पण तिच्यात काही लिहिलंय का?"

दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. मित्रासाठी स्लाइडवरची अक्षरं ही अक्षरंच नाहीत, ते नुसते रंगाचे ठिपके आहेत. मावशीसाठी ती अक्षरं आहेत, पण आजूबाजूच्या रंगात विरघळलेली. आधी मावशीचं बघू, कारण त्यामागचं गणित मला फार आवडतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर जो तक्ता असतो त्यात अक्षरं लहान लहान होत जातात, पण शेवटपर्यंत काळीकुट्ट राहतात. दुसरा एक तक्ता असतो, पेली-रॉब्सन तक्ता, १९८८ सालचा. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, मोठी. फक्त ती हळूहळू फिकट होत कागदात मिसळून जातात. पहिल्या तक्त्यावर बऱ्यापैकी पास होणारा माणूस दुसऱ्यावर लवकर अडकू शकतो. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा, या सगळ्यांत ही फिकट-गडद ओळखण्याची ताकद घटते. म्हणून "अक्षर मोठं केलंय की" हे उत्तर मावशीला पुरत नाही.

आता दोन रंगांत फरक किती, हे मोजायचं कसं? स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन दिव्यांचा असतो, आणि प्रत्येक दिव्याला ० ते २५५ असा आकडा. इथे एक मोठा गैरसमज आहे. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात १२८ वर पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश बाहेर पडतो. हे आकडे प्रकाशाच्या मापाने मांडलेलेच नाहीत; डोळ्याला पायऱ्या सारख्या वाटाव्यात अशा बेताने मांडलेत, कारण अंधारातला थोडा फरकही आपल्याला चटकन कळतो आणि उजेडातला कळत नाही. त्यामुळे आधी आकड्यांचा खरा प्रकाश काढावा लागतो. त्यानंतर दुसरी गंमत: तिन्ही दिव्यांचं वजन सारखं नाही. आपला डोळा हिरव्याच्या आसपास सर्वांत संवेदनशील, निळ्याला सर्वांत मंद. म्हणून तेज मोजताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७ टक्के मान मिळतो.

```
L = 0.2126 R + 0.7152 G + 0.0722 B
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

R, G, B म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याचा काढलेला खरा प्रकाश, ० ते १ या मापात. पहिल्या ओळीने एका रंगाचं तेज मिळतं, दुसरीने दोन रंगांमधलं गुणोत्तर. L1 म्हणजे दोहोंतला उजळ रंग. ०.०५ ही भर का? स्क्रीन कधी पूर्ण काळी नसतेच. खोलीतला उजेड तिच्यावरून परततो, त्याची ही सोय आहे. गुणोत्तर १ आलं तर दोन्ही रंगांचं तेज एकच, आणि काळ्यावर पांढरं म्हणजे २१. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमावलीने २००८ मध्ये साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ ही हद्द घातली. हे ४.५ कुठून आलं? निरोगी डोळ्याला ३ पुरतं असं आधीचं मानक होतं. ६/१२ दृष्टी असलेल्या, म्हणजे इतरांना बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून बघणाऱ्या माणसाची फरक ओळखण्याची ताकद साधारण दीडपटीने कमी पडते. तीन गुणिले दीड, साडेचार.

माझ्या भगव्या पट्टीचा रंग होता `#FF9933`. म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. खरा प्रकाश काढला तर लाल १, हिरवा सुमारे ०.३२, निळा ०.०३. वजनं लावून बेरीज ०.४४३. पांढऱ्याचं तेज १. मग १.०५ भागिले ०.४९३, उत्तर २.१३. मोठ्या अक्षरांची हद्दसुद्धा गाठत नाही. त्याच भगव्यावर काळी अक्षरं घेतली तर ०.४९३ भागिले ०.०५, म्हणजे ९.८६. पट्टी तीच, रंग तोच, नुसती अक्षरं काळी केली की मावशीला दिसतात. आपल्याकडे वर्गणीच्या फलकापासून वाढदिवसाच्या बॅनरपर्यंत भगव्यावर पांढरं लिहायची सवय इतकी रुळलीय की हे गणित मी तीनदा तपासलं.

चौथ्या स्लाइडचं तर त्याहून वाईट होतं. लाल `#FF0000` आणि हिरवा `#008000` यांच्यातलं गुणोत्तर १.२८. फोन कृष्णधवल करून बघितला तेव्हा "करावे" आणि "करू नये" दोन्ही रकाने एकाच राखाडी रंगाचे झाले. फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. आकडेमोड जमत नसेल तर हीच परीक्षा करा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणून.

गणिताची एक मर्यादा सांगायला हवी. सूत्र सलग रंगाचं उत्तर देतं, बारीक रेघेचं नाही. अक्षराच्या कडेचे ठिपके दोन रंगांच्या मधले असतात, आणि बारीक फॉन्टमध्ये रेघ म्हणजे जवळजवळ नुसत्या कडाच. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार आधीच नाजूक. १०८० ठिपके रुंदीची स्लाइड फोनवर साधारण एक तृतीयांश होऊन दिसते, म्हणजे ४८ आकाराचं अक्षर १६ चं होतं आणि अनुस्वार धूळ पडल्यासारखा. म्हणून मराठीत मी ४.५ वर थांबत नाही, ७ गाठतो, आणि जाड फॉन्ट घेतो. फोटोवर मजकूर टाकायचा असेल तर मागे गडद पट्टी घालतो; नाहीतर मोजायचं ते फोटोच्या कुठल्या ठिपक्याशी?

आता मित्राकडे वळू. त्याचा वाचक, म्हणजे टॉकबॅक, प्रतिमेतली अक्षरं ओळखेलच याची खात्री नाही. खात्रीने वाचतो तो प्रतिमेला जोडलेला मजकूर. त्यालाच ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. तो आपण लिहिला नाही तर इन्स्टाग्राम स्वतः अंदाज बांधतं, आणि तो बहुधा "यात मजकूर असू शकतो" इथेच संपतो. पोस्ट करण्याच्या शेवटच्या पडद्यावर 'Advanced settings' किंवा 'More options' मध्ये 'Write alt text' मिळतं. कॅरोसेलमध्ये प्रत्येक स्लाइडची चौकट वेगळी असते, पहिलीची लिहून भागत नाही. आधीच टाकलेल्या पोस्टलाही 'Edit' मधून ते जोडता येतं.

सर्वांत जास्त धोका क्रमात आहे. माझी चौथी स्लाइड बघणाऱ्याला दोन रकाने कळतात, कारण डोळा आधी मांडणी पकडतो. पण चित्रातली अक्षरं ओळखणारं एखादं साधन तीच स्लाइड आडव्या ओळीने वाचत गेलं तर काय ऐकू येईल? "काय करावे काय करू नये. चावलेला अवयव हलू न देणे दोरी आवळून बांधणे. लगेच रुग्णालयात नेणे जखमेवर चिरा देणे." दोरी आवळणं आणि चिरा देणं, या दोन्ही गोष्टींनी माणसाचं नुकसान होतं. रकाना गेला की "नये" गेलं. म्हणून आता मी दोन रकाने करतच नाही, आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये प्रत्येक वाक्य आपल्या पायावर उभं करतो:

"काय करावे: चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा, लगेच रुग्णालयात न्या. काय करू नये: दोरी आवळून बांधू नका. जखमेवर चिरा देऊ नका. विष तोंडाने ओढू नका. मांत्रिकाकडे नेऊ नका."

बरोबर-चूकच्या खुणा इथे चालत नाहीत. काही आवाज त्या गाळतात. पूर्णविराम मात्र हवेत, कारण ऑल्ट टेक्स्ट एका दमात वाचला जातो आणि श्वास तिथेच मिळतो. सुरुवातीला "याचा फोटो" लिहायची गरज नाही, ते वाचक स्वतःच सांगतो. मांत्रिकाच्या वाक्याबद्दल: बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशा वेळी माणूस जगला की श्रेय मंत्राला आणि विष शोषणाऱ्या दगडाला जातं. घोणशीने विष सोडलेलं असेल तर उपाय प्रतिविषाचाच.

मराठीत एक खड्डा आणखी आहे. डिझायनर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतो. पडद्यावर "सर्पदंश" दिसतं, पण कॉपी करून ऑल्ट टेक्स्टमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो, आणि टॉकबॅक तो कचरा इमानाने वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा. रोमन लिपीतली मराठीही नको, इंग्रजी आवाज तिचा चेंदामेंदा करतो.

मावशीला ऑल्ट टेक्स्टचा उपयोग नाही, तो पडद्यावर दिसत नाही आणि ती टॉकबॅक लावत नाही. तिच्यासाठी तोच मजकूर कॅप्शनमध्ये टाकला, तिथे ती हवी तेवढी अक्षरं मोठी करते.

सगळं दुरुस्त करून टॉकबॅक चालू केला, डोळे मिटले आणि पोस्ट ऐकली. स्लाइड बदलायला दोन बोटं सरकवावी लागतात. पहिल्या स्लाइडला मी लिहिलं होतं: "घोणस. तपकिरी अंगावर साखळीसारखे गडद गोल ठिपके, डोकं त्रिकोणी." मित्राला पाठवलं. त्याने सगळं ऐकलं, चौथी स्लाइड दोनदा ऐकली, आणि विचारलं, "ठिपके कळले. पण ती फुसकारते कशी ते का नाही लिहिलंस? मला शेतात तेच ऐकू येणार ना." त्या स्लाइडला आता आणखी एक वाक्य आहे: "डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखी मोठ्याने, लांबवर फुसकारते, आवाज आला की जागीच थांबा."