पांढरी चारची काळी पाच: पट्टी आणि कॉर्डच्या नावांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात भजन सुरू होण्याआधी पेटीवाला विचारतोच, "कोनती पट्टी घेऊ?" कोणी म्हणतं काळी एक, कोणी पांढरी चार. ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा बसतो, तिचं हे नाव.

ही मोजणी पेटीबरोबर आली. पेटीचा पूर्वज 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये घडला, त्याचा भाता पायाने मारावा लागायचा. मांडी घालून एका हाताने भाता ओढायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये आणली. तिच्या पट्ट्यांना मुळात सी, डी, ई अशी कायमची नावं होती. आपला सा मात्र फिरता, कुठेही बसणारा. मग लोकांनी सोपी वाट काढली: पट्टी आकड्याने सांगायची, सूर सारेगमने. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, म्हणजे बारा पट्ट्या, आणि सलग दोन पट्ट्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. या सारख्या अंतरामुळे श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, मरतात म्हणून आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटी बंद ठेवली होती. चाल एका पट्टीतून दुसरीत नेणं सोपं होतं, तेही याच अंतरामुळे.

नंतर गावच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला आणि सी, एफ, बी फ्लॅट ही जुनी नावं कॉर्डच्या, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांच्या, रूपाने परतली. घोळ इथे सुरू होतो.

पांढरी एकमधली चाल घ्या: सा रे ग म प. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. गाणाऱ्याचा आवाज वर आहे म्हणून सा पांढरी चारवर नेला. नवखा पोरगा सवयीने पुढच्याच पांढऱ्या दाबत जातो. रे आणि ग बरोबर लागतात, म मात्र पांढरी सातवर जातो आणि तीव्र होतो. भजन एकाएकी यमनासारखं वाटायला लागतं. सा पासून शुद्ध म पाच पट्ट्या पुढे असतो, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून. तसं मोजलं की बोट काळी पाचवर येतं. प पुन्हा पांढरी एकवर, वरच्या सप्तकातल्या.

कॉर्डही असाच पडताळायचा. मध्यमाचा कॉर्ड म्हणजे म, ध आणि वरचा सा. काळी पाचपासून पांढरी दोन चार पट्ट्या पुढे, तिथून पांढरी चार तीन पट्ट्या पुढे. आधी चार, मग तीन, म्हणजे मेजर. चुकून पांढरी सात धरली तर तीन आणि तीन मोजले जातात. तो डिमिनिश्ड कॉर्ड, साध्या भजनात तो कानाला टोचतोच.

राहिलं नाव. काळी पाचला ए शार्प म्हणतात आणि बी फ्लॅटही. पांढरी चार म्हणजे एफ. एफच्या सप्तकात ए आधीच गंधाराला लागलेला आहे आणि प्रत्येक अक्षर एकदाच वापरायचं असतं, म्हणून इथे बी फ्लॅट मेजर असंच लिहायचं. पेटीवाल्याला याच्याशी काही देणंघेणं नाही. कागदावरून वाजवणारा गिटारवाला मात्र ए शार्प पाहून अडखळतो.