चेंडू यष्टीला लागतो, तरी फलंदाज नाबाद कसा?

जामठ्याच्या मैदानावर सामना असला की नागपुरातल्या पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पायचीतचा रिव्ह्यू सुरू असतो, पडद्यावरचा चेंडू लेग स्टंपला घासून जाताना दिसतो, त्याखाली ‘अंपायर्स कॉल’ अशी अक्षरे उमटतात आणि गर्दीतून कोणीतरी विचारतो, “अहो भाऊ, चेंडू तर दांडीला लागून राहिला ना, मग हा नॉट आऊट कसा?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी पडद्यावरच्या त्या चेंडूचा कोणता भाग प्रत्यक्ष घडलेला आहे आणि कोणता नाही, हे आधी पाहावे लागते.

मैदानाभोवती उंचावर बसवलेले साधारण सहा वेगवान कॅमेरे चेंडूवर नजर ठेवून असतात. एका कॅमेऱ्याला चेंडू कोणत्या दिशेला आहे एवढेच कळते, तो किती दूर आहे हे कळत नाही. मात्र दोन वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेल्या दिशा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे चेंडू असणार हे निश्चित होते. बाकीचे कॅमेरे हे उत्तर पक्के करतात आणि एखाद्या कॅमेऱ्यासमोर खेळाडू आडवा आला तर उणीव भरून काढतात. अशा बिंदूंची माळ गुंफून चेंडूचा मार्ग तयार होतो. पण ही माळ पॅडपाशी संपते. तिथून यष्टीपर्यंतचा मार्ग चेंडूने कधी कापलेलाच नसतो. संगणक टप्प्यानंतरची दिशा, वेग आणि गुरुत्वाकर्षण लक्षात घेऊन तो पुढे वाढवतो, म्हणजेच तो अंदाज असतो.

हा अंदाज कुठे डळमळीत होतो, ते एका फिरकी चेंडूवरून पाहू. समजा, चेंडू टप्पा पडून फक्त 40 सेंटीमीटर पुढे गेला आणि पॅडवर आदळला. टप्प्यानंतर त्याचा वेग ताशी 72 किलोमीटर असेल, तर हे अंतर कापायला त्याला एका सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. कॅमेरा सेकंदाला 340 चित्रे टिपत असला तरी एवढ्या वेळात जेमतेम सहा-सात चित्रे हाती येतात, आणि चेंडू किती वळला हे तेवढ्यांवरूनच ठरवावे लागते. त्यात दिशेची चूक अर्ध्या अंशाची झाली आणि पॅड यष्टीपासून 2.4 मीटर पुढे असले, तर यष्टीपाशी पोहोचेपर्यंत ती चूक सुमारे दोन सेंटीमीटरची होते. म्हणूनच फलंदाज जितका पुढे आलेला, तितका अंदाज सैल, आणि पाय यष्टीजवळ असताना चेंडू लागला तर तो तितका भरवशाचा.

या सैलपणासाठी नियमात जागा ठेवलेली आहे. चेंडूचा व्यास सुमारे 7.2 सेंटीमीटर, म्हणजे त्याचा मध्य कडेपासून 3.6 सेंटीमीटर आत असतो. पंचांनी नाबाद दिलेला निर्णय फिरवायचा असेल, तर यष्ट्यांच्या चौकटीला चेंडूचा निम्मा भाग तरी लागायला हवा. आता समजा, चेंडूचा 2.5 सेंटीमीटर भाग लेग स्टंपवर येतो आहे. त्याचा मध्य स्टंपच्या बाहेरच्या कडेपलीकडे 1.1 सेंटीमीटर राहतो, म्हणून पंचांचा निर्णय कायम राहतो. तोच भाग 4 सेंटीमीटर असता, तर मध्य कडेच्या आत आला असता आणि नाबाद ठरलेला फलंदाज बाद झाला असता. पंचांनी आधीच बाद दिले असेल, तर मात्र 2.5 सेंटीमीटरचा तो स्पर्शही फलंदाजाला परत पाठवायला पुरेसा ठरतो. एकाच चेंडूवर दोन विरुद्ध निर्णय येऊ शकतात ते यामुळे. चूक स्पष्ट दिसत नसेल, तर मैदानावरच्या पंचांनी डोळ्यांनी पाहिलेले मान्य करायचे, हे त्यामागचे तत्त्व आहे. निर्णय असा ‘अंपायर्स कॉल’वर अडला, तर संघाचा रिव्ह्यू वाया जात नाही.

2011 च्या विश्वचषकात बेंगळुरूला भारत-इंग्लंड सामन्यात युवराज सिंगच्या चेंडूवर इयान बेलविरुद्धचे अपील फेटाळले गेले आणि भारताने रिव्ह्यू घेतला. चेंडू यष्ट्यांवर जाताना दिसत होता, तरीही निर्णय बदलला नाही, कारण बेल 2.5 मीटरहून अधिक पुढे आलेला होता आणि एवढ्या लांबच्या अंदाजावर नाबादचा निर्णय फिरवायचा नाही, असा तेव्हाचा नियम होता. प्रेक्षक संतापले, पण अंतराविषयीची ती सावधगिरी मला शास्त्रीयदृष्ट्या योग्यच वाटते.

मला खरोखर खटकते ते वेगळेच. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला की आत, याला ‘अंपायर्स कॉल’ नसतो, कारण टप्पा प्रत्यक्ष मोजलेला असतो. पॅडवर चेंडू आदळतो तो बिंदूही कॅमेऱ्यांनी पाहिलेलाच असतो, तरीही तो यष्टीच्या रेषेत आहे का, हे ठरवताना निम्म्या चेंडूची सवलत कायम आहे. जिथे अंदाज बांधावा लागतो तिथे पंचांना झुकते माप देणे मला पटते, पण पाहिलेल्या बिंदूला तेवढेच माप देणे पटत नाही.