कागदावरचे साडेबारा किलोमीटर जमिनीवर साडेचार मीटर जास्त का भरतात?
आमच्या सर्व्हे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कंट्रोल पॉइंटची यादी ग्राहकाच्या हातात पडली की पुढच्या आठ-पंधरा दिवसांत हमखास एक फोन येतो. "साहेब, तुमचे दोन पिलर आम्ही टोटल स्टेशनने तपासले. तुमच्या यादीवरून अंतर हजार मीटर येतं, आमच्या मशीनवर हजार मीटर सदतीस सेंटिमीटर. पिलर हललाय का?"

पिलर हललेला नसतो आणि मशीनही बरोबर असते. यादीतले अंतर ग्रिडवरचे असते आणि मशीनने मोजलेले जमिनीवरचे. या दोहोंना जोडणारा आकडा म्हणजे कम्बाइन्ड स्केल फॅक्टर. कालवा, पाइपलाइन, रस्ता किंवा सोलर प्रकल्पाची लांब बेसलाइन असेल तर हा आकडा ग्राहकालाही नीट कळलेला बरा, म्हणून हे पत्रक.

फरक येतो कुठून

आम्ही डीजीपीएसने जे कोऑर्डिनेट देतो ते यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ग्रिडवरचे असतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना कुठेतरी ताण आणि कुठेतरी आकसणे येणारच. यूटीएममध्ये प्रत्येक झोनच्या, म्हणजे उभ्या पट्ट्याच्या, मध्य रेखावृत्तावर अंतर मुद्दाम ०.९९९६ पट धरलेले आहे. तिथून पूर्वेला किंवा पश्चिमेला जावे तसा हा फॅक्टर वाढत जातो, साधारण १८० किलोमीटरवर तो १ होतो आणि त्यापलीकडे १ च्या वर जातो. नागपूरसारखा पूर्वेकडचा भाग सोडला तर बहुतेक महाराष्ट्र झोन ४३ मध्ये येतो. या झोनचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, म्हणजे अहिल्यानगर शहराच्या थोडे पूर्वेकडून जाणारे. ही झाली पहिली दुरुस्ती, ग्रिड स्केल फॅक्टर.

दुसरी दुरुस्ती उंचीची. ग्रिडचा हिशेब एलिप्सॉइड नावाच्या गणिती पृष्ठभागावर चालतो. आपण दख्खनच्या पठारावर त्याच्या कित्येकशे मीटर वर उभे असतो. वर जावे तसे पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर वाढते, आणि त्याच दोन ओळंब्यांमधले अंतरही थोडे वाढते. ही गोष्ट नवी नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची बेसलाइन साखळीने मोजली, तेव्हाही ती लांबी समुद्रसपाटीला आणून मगच पुढची त्रिकोणांची गणिते सुरू झाली.

दोन्ही फॅक्टरचा गुणाकार म्हणजे कम्बाइन्ड स्केल फॅक्टर. ग्रिड अंतराला त्याने भागले की जमिनीवरचे अंतर मिळते. जमिनीवरच्या अंतराला त्याने गुणले की ग्रिड अंतर मिळते.

एक बेसलाइन, आकड्यांसह

समजा पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूने, उरुळी कांचन परिसरात, पाइपलाइनसाठी एक बेसलाइन आहे. समजायला सोपे जावे म्हणून कोऑर्डिनेट गोळाबेरीज घेतले आहेत.

पॉइंट अ: ईस्टिंग ४,००,०००, नॉर्दिंग २०,४६,०००, एलिप्सॉइडवरची उंची ४८८ मीटर.
पॉइंट ब: ईस्टिंग ४,१२,०००, नॉर्दिंग २०,४२,५००, एलिप्सॉइडवरची उंची ५०२ मीटर.

ईस्टिंगमधला फरक १२,०००, नॉर्दिंगमधला ३,५००. म्हणजे ग्रिड अंतर बरोबर १२,५०० मीटर.

आता ग्रिड स्केल फॅक्टर. झोनच्या मध्यावर ईस्टिंग ५,००,००० असते, म्हणून पॉइंट अ मध्यापासून १०० किलोमीटर आणि ब ८८ किलोमीटर पश्चिमेला आहे. पुण्याच्या अक्षांशावर पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३,६१,००० मीटर धरतो. सूत्र असे:

```
x = (E - 500000) / 0.9996
k = 0.9996 * (1 + x^2 / (2 * R^2))
```

अ जवळ फॅक्टर ०.९९९७२३६ येतो, ब जवळ ०.९९९६९५७ आणि बरोबर मध्यावर ०.९९९७०९२. लांब रेषेला एका टोकाचा फॅक्टर लावून चालत नाही. आम्ही दोन्ही टोके आणि मध्याचा चौपट मिळवून सहाने भागतो. या रेषेला तो ०.९९९७०९४ येतो. नुसता मध्याचा घेतला असता तर पूर्ण रेषेत दोन मिलिमीटरचा फरक पडला असता, म्हणजे या लांबीला तोही चालला असता. पण एकट्या अ चा घेतला तर सतरा-अठरा सेंटिमीटर हातचे जातात.

उंचीचा फॅक्टर सोपा आहे. सरासरी उंची ४९५ मीटर, म्हणून ६३,६१,००० भागिले ६३,६१,४९५, म्हणजे ०.९९९९२२२.

दोन्हींचा गुणाकार ०.९९९६३१६. आता १२,५०० ला याने भागा: १२,५०४.६०७ मीटर. त्यातले ३.६३ मीटर ग्रिडमुळे आले, उरलेले ९७ सेंटिमीटर उंचीमुळे. किलोमीटरमागे साधारण सदतीस सेंटिमीटर, म्हणजे फोनवर सांगितलेला तोच आकडा. सहा मीटरचे पाइप मागवणाऱ्याला या रेषेत पाऊण पाइप कमी पडला असता.

इथे जमिनीवरचे अंतर म्हणजे सरासरी उंचीवर धरलेले आडवे अंतर. चढउतारामुळे पाइपची लांबी आणखी वाढते, तो हिशेब प्रोफाइलवरून वेगळा करावा लागतो.

कुठली उंची घ्यायची

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या चटकन दिसत नाहीत. लेव्हल बुकातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. उंचीच्या फॅक्टरला लागते ती एलिप्सॉइडपासूनची. आपल्याकडे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे, पुणे परिसरात साधारण ६५ मीटर. म्हणून बेंचमार्कवर ५६० वाचणाऱ्या जागी एलिप्सॉइडवरची उंची ४९५ च्या आसपास असते.

कोणी लेव्हल बुकातली ५६० घेतली तर आमच्या या बेसलाइनमध्ये १३ सेंटिमीटर जास्त येतात. साडेबारा किलोमीटरला तेरा सेंटिमीटर म्हणजे मोजणीच्या चुकीसारखेच वाटते, म्हणून माणूस टेप, प्रिझम, हवेच्या दाबाचे सेटिंग असे सगळे तपासत बसतो आणि उंचीकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्षात ठेवायला सोपे असे की उंचीत दर ६.४ मीटरची चूक म्हणजे अंतरात किलोमीटरमागे एक मिलिमीटर. दोन-चार मीटर इकडेतिकडे झाले तर फरक पडत नाही, पण ६५ मीटर सोडून चालणार नाहीत. आमच्या यादीत दोन्ही उंचींचे वेगळे रकाने असतात. फॅक्टरसाठी "एलिप्सॉइड" लिहिलेला रकाना घ्यावा, लेव्हल देण्यासाठी दुसरा.

पुण्याचा फॅक्टर मुंबईला चालत नाही

पुणे शहरात कम्बाइन्ड फॅक्टर ०.९९९७०३ च्या आसपास येतो, किलोमीटरला तीस सेंटिमीटर वाढ. मुंबई मध्य रेखावृत्तापासून सव्वादोनशे किलोमीटर लांब आहे. तिथे ग्रिड स्केल फॅक्टरच १.०००२ च्या पुढे जातो, आणि जमीन समुद्राला लागून असल्यामुळे एलिप्सॉइडवरची उंची उणे येते. म्हणजे मुंबईत यादीतले हजार मीटर जमिनीवर साधारण चोवीस सेंटिमीटर कमी भरतात. घाटावरच्या जुन्या कामाची शीट उघडून तोच फॅक्टर खाली वापरणाऱ्याची चूक किलोमीटरला अर्ध्या मीटरवर जाते. फॅक्टर त्या कामाचा, त्या जागेचाच असावा.

आमच्या उदाहरणातसुद्धा अ च्या टोकाला फरक किलोमीटरमागे ३५ सेंटिमीटर आहे आणि ब कडे ३८. साडेबारा किलोमीटरला एकच सरासरी फॅक्टर दिला तर टोकाजवळ किलोमीटरला दीड सेंटिमीटरची तफावत राहते. मातीकाम आणि पाइपलाइनला ती चालते. त्यापेक्षा लांब कामाला, किंवा रेषा घाट उतरत असेल तर, आम्ही रेषेचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा फॅक्टर देतो.

साइटवर काय चुकते आणि ते कसे ओळखावे

पिलर खरेच हलला असेल तर त्या पिलरपर्यंतचे प्रत्येक अंतर आपापल्या दिशेप्रमाणे चुकते. फॅक्टरचा फरक मात्र अंतराच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आम्हाला फोन करण्यापूर्वी तीन अंतरे मोजून पाहा. उदाहरणातल्या जागेत २०० मीटरला सात सेंटिमीटर, ५०० ला अठरा आणि हजाराला सदतीस आले तर पिलर जागेवर आहेत. फक्त फॅक्टर लावायचा राहिला आहे.

भागण्याऐवजी गुणले तर १२,४९५.३९५ येते आणि चूक दुप्पट, नऊ मीटरच्या वर होते. फॅक्टर १ पेक्षा कमी असेल तिथे, म्हणजे पुण्याकडच्या घाटमाथ्यावर आणि पठारावर, जमिनीवरचा आकडा ग्रिडपेक्षा मोठा आला पाहिजे. लहान आला की थांबा.

दुसरा प्रकार आमच्याच एका जुन्या कामात झाला. आम्ही यादी जमिनीवरच्या कोऑर्डिनेटमध्ये करून दिली होती, पण वर ठळक लिहिले नव्हते. ठेकेदाराच्या मुलाने सवयीने टोटल स्टेशनच्या सेटिंगमध्ये फॅक्टर भरला. दोनदा लागला. तीन दिवसांची आखणी पुन्हा करावी लागली आणि ती चूक आमची होती. तेव्हापासून प्रत्येक पानावर "ग्रिड" किंवा "जमिनीवरचे" असा शिक्का असतो. याची खूण अशी की मशीन यादीपेक्षा जास्त दाखवत असेल तर यादी ग्रिडची आहे आणि फॅक्टर लागलेला नाही. यादीपेक्षा तेवढेच कमी दाखवत असेल तर यादी जमिनीवरची आहे आणि मशीनमध्ये फॅक्टर चालू आहे. (मुंबईसारख्या, फॅक्टर १ च्या वर असलेल्या जागी हे उलट समजावे.) टोटल स्टेशनमधले पीपीएम सेटिंग हवेच्या तापमानासाठी आणि दाबासाठी असते. ते वेगळे आहे, त्यात फॅक्टर मिसळू नये.

आणखी एक विनंती. ऑफिसात बसून एक्सेलमध्ये सगळ्या कोऑर्डिनेटना सरसकट फॅक्टरने भागू नका. ४,००,००० ईस्टिंग १४७ मीटर सरकते आणि २०,४६,००० नॉर्दिंग ७५४ मीटर. आकडे दिसायला यूटीएमसारखेच राहतात, पण नकाशावर टाकले की तुमचा पिलर शेजारच्या शिवारात जातो. आम्ही जमिनीवरचे कोऑर्डिनेट करताना पॉइंट अ जागचा हलवत नाही, त्याच्यापासूनची अंतरेच तेवढी वाढवतो आणि मग अ ला १०,००० आणि ५०,००० असे छोटे आकडे देतो. इतके छोटे आकडे पाहून कोणी ते यूटीएम समजून गूगल अर्थवर टाकणार नाही.

तुमच्या कामाच्या शीटवर कोणत्या पॉइंटभोवती फॅक्टर लावला, त्याची किंमत सात दशांश स्थळांपर्यंत, सरासरी एलिप्सॉइड उंची आणि झोन या चार गोष्टी लिहिलेल्या असतात. यातली एखादी नसेल तर काम सुरू करण्याआधी आमच्याकडून मागून घ्या, आम्ही त्याच दिवशी देऊ.